बेरियम सल्फेटचा अवक्षेप आणि त्याच्या शुद्धतेचा प्रश्न

एखादे मूलद्रव्य मुक्त स्वरूपात वेगळे न काढता ज्ञात संघटनाच्या अविद्राव्य संयुगाच्या रूपाने तोलावे, हा विचार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनमधील टॉर्बर्न बर्गमन याने विश्लेषणात रूढ केला. त्याचाच देशबांधव शीले याने १७७४ मध्ये बेरियमच्या ऑक्साइडची ओळख पटविली होती. सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइड मिसळताच पांढरा, जड अवक्षेप पडतो. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात तो जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतो. सल्फेटच्या निर्धारणासाठी याहून सोयीचे संयुग नाही, असे रसायनज्ञांना वाटले, यात नवल नाही. अवक्षेप तोलावा, वजनाला ०·४११६ ने गुणावे, की सल्फेटचे वजन मिळाले. प्रश्न एवढाच होता की, मुशीत तोलले जाते ते निव्वळ बेरियम सल्फेटच असते काय?

या प्रश्नाची धार प्रथम अणुभारांच्या कार्यात जाणवली. हार्वर्ड येथील थिओडोर रिचर्ड्स यांनी पार्कर यांच्यासह १८९५ च्या सुमारास बेरियम सल्फेटमध्ये कोंडल्या जाणाऱ्या बेरियम क्लोराइडचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्फटिक वाढत असता त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेले आयन नव्या थराखाली गाडले जातात. गरम पाण्याने कितीही धुतले तरी ते निघत नाहीत. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा येत नाही, म्हणून अवक्षेप शुद्ध असल्याचे विद्यार्थी गृहीत धरतात. वस्तुतः त्या कसोटीने फक्त बाहेरचे क्लोराइड संपल्याचे कळते. १९०४ मध्ये ह्यूलेट व डुशाक यांनीही याच दोषाचा पाठपुरावा केला.

हा दोष एकाच दिशेचा असता तर त्याची दुरुस्ती सोपी होती. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ०·३००० ग्रॅम शुद्ध पोटॅशियम सल्फेटपासून ०·४०१८ ग्रॅम बेरियम सल्फेट मिळावयास हवे. समजा, एकूण सल्फेटचा शंभरावा भाग पोटॅशियम सल्फेटच्याच रूपाने अवक्षेपात अडकला. ते बेरियम सल्फेटपेक्षा हलके असल्याने वजन सुमारे एक मिलिग्रॅमने घटेल. त्याच अवक्षेपात एक मिलिग्रॅम बेरियम क्लोराइडही कोंडले गेले, तर तराजू पुन्हा ०·४०१८ दाखवील. उत्तर बरोबर, अवक्षेप मात्र दोनदा अशुद्ध! या पद्धतीचे अनेक समाधानकारक निकाल अशा परस्परविरोधी दोषांच्या बेरजेवर उभे असतात, हे मान्य केले पाहिजे.

कोणता दोष वरचढ ठरेल हे बऱ्याच अंशी मिसळण्याच्या क्रमावर अवलंबून असते. सल्फेटमध्ये बेरियम क्लोराइड थेंबाथेंबाने घातल्यास बराच वेळ सल्फेटचे आधिक्य राहते व अल्कली सल्फेटे अडकतात. क्रम उलटल्यास बेरियम क्लोराइड अडकते. फेरिक लोह असेल तर दोष ऋण होतो, कारण अडकलेले फेरिक सल्फेट तापविताना सल्फर ट्रायऑक्साइड गमावते. पायराइट खनिजाचा भाव त्यातील गंधकावर ठरत असे. म्हणून झुरिकच्या लुंगे यांच्या पद्धतीत लोह अमोनियाने आधी काढून टाकले जाई. खनिज विरघळविताना वापरलेल्या नायट्रिक आम्लाचाही हायड्रोक्लोरिक आम्लासह बाष्पीभवन करून निरास करावा लागे, कारण बेरियम नायट्रेट क्लोराइडपेक्षाही अधिक कोंडले जाते.

आता पाचनाविषयी. सुमारे ०·०५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लयुक्त, विरल, उकळत्या द्रावणात अवक्षेपण करून तो अवक्षेप मातृद्रावणातच उकळीजवळच्या तापमानाला तासभर किंवा अधिक ठेवतात. १९०० मध्ये ऑस्टवाल्ड यांनी सूक्ष्म कण मोठ्या कणांपेक्षा अधिक विद्राव्य असल्याचे प्रतिपादन केले आणि १९०१ मध्ये ह्यूलेट यांनी जिप्सम व बेरियम सल्फेट यांवर ते तपासले. त्यानुसार लहान कण विरघळून मोठ्यांवर जमतात, असे स्पष्टीकरण रूढ झाले. पुढे १९३० च्या दशकात मिनेसोटा येथे कोल्टहॉफ यांच्या अभ्यासातून असे दिसले की, ताज्या अवक्षेपाचे सदोष स्फटिक आपल्याच जागी पुन्हा घडत जातात, हा बदलही तितकाच महत्त्वाचा असतो. पृष्ठभाग घटल्याने अधिशोषित द्रव्ये सुटतात आणि अवक्षेप गाळणीतून निसटत नाही. मात्र आत गाडलेली सर्व अशुद्धी पाचनाने निघत नाही. इतर अवक्षेपांप्रमाणे विरघळवून पुन्हा पाडण्याचा मार्गही येथे सोयीचा नाही, कारण त्याला साधा द्रावकच नाही.

अखेरचा धोका मुशीत असतो. गाळणकागद ज्वालेशिवाय, भरपूर हवेत न जाळल्यास कार्बन सल्फेटचे सल्फाइडमध्ये क्षपण करतो व वजन घटते. तापविलेला पदार्थ पांढरा न दिसता करडा दिसला आणि आम्लाचा थेंब टाकताच कुजक्या अंड्यांचा वास आला, तर हेच घडले असे समजावे. संहत सल्फ्युरिक आम्लाचे एकदोन थेंब घालून पुन्हा तापविल्यास सल्फाइडचे सल्फेट होते. पण त्याच वेळी कोंडलेले बेरियम क्लोराइडही सल्फेट बनते व त्याच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे वजन सुमारे ०·१२ मिलिग्रॅमने वाढते.