दोघांचं जमलं, पण योगायोगाने किती? – कप्पाची गोष्ट

आजच्या भागात एका आकड्याचा इतिहास सांगणार आहे. आकड्याचं नाव कप्पा, ग्रीक लिपीतलं एक अक्षर. जन्म अमेरिकेतला, १९६० सालचा. पण गोष्ट सुरू होते त्याच्या आधी, दुसऱ्या महायुद्धात.

त्या काळात अमेरिकी सरकारला लोकांच्या मनात काय आहे ते जाणून घ्यायचं होतं आणि ते कसं विचारायचं यावरून तज्ज्ञांत दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, ठरलेले पर्याय द्या आणि त्यांतला एक निवडायला सांगा. दुसरा तट रेन्सिस लिकर्ट यांचा. ते तेव्हा शेती खात्यातल्या सर्वेक्षण विभागाचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं, खुला प्रश्न विचारा, माणसाला त्याच्या शब्दांत बोलू द्या आणि ते लिहून घ्या. युद्धासाठी सरकारने काढलेले बाँड लोक का घेतात, याचा शोधही लिकर्ट यांच्या लोकांनी अशाच मुलाखतींतून घेतला. हा वाद इतका पेटला की १९४४ मध्ये पॉल लाझार्सफेल्ड यांनी दोन्ही बाजूंत तडजोड सुचवणारा लेख लिहिला.

खुल्या प्रश्नाची खरी अडचण मुलाखत संपल्यावर सुरू होते. शेकडो उत्तरं कागदावर आहेत, आता ती मोजायची कशी? त्यासाठी कोडर बसवतात. कोडर म्हणजे उत्तर वाचून ते एखाद्या वर्गात टाकणारा माणूस. “मुलगा आघाडीवर आहे, आणि चार पैसेही राहतील बाजूला” हे उत्तर देशासाठी की बचतीसाठी? एक कोडर म्हणेल देश, दुसरा म्हणेल बचत. मग अहवालात जे छापून येतं ते लोकांचं मत असतं की कोडरचं? म्हणून तीच उत्तरं दोघांना वेगवेगळी द्यायची, एकमेकांचं बघू द्यायचं नाही, आणि शेवटी ताळा करायचा.

आता हिशेब करून बघू. आकडे माझे, समजण्यापुरते घेतलेले. बाँड का घेतले, या प्रश्नाची १०० उत्तरं आहेत आणि वर्ग दोनच, ‘देश’ आणि ‘बचत’. ८० उत्तरांना दोघांनीही ‘देश’ म्हटलं, ५ उत्तरांना दोघांनीही ‘बचत’. ८ उत्तरांना पहिल्याने ‘देश’ आणि दुसऱ्याने ‘बचत’ म्हटलं, तर ७ उत्तरांत त्याच्या उलट झालं. म्हणजे १०० पैकी ८५ जुळली. ८५ टक्के! कुणीही म्हणेल, छान आहे की.

पण थांबा. समजा दोघांनी उत्तरं वाचलीच नाहीत, डोळे मिटून शिक्के मारले, तरी काही जुळणारच ना? तेव्हा ८५ मधून हा योगायोग वजा करायला हवा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. भांडण होतं ते योगायोग मोजायचा कसा यावर.

१९५४ मध्ये बेनेट, अल्पर्ट आणि गोल्डस्टीन यांनी सरळ उत्तर दिलं. वर्ग दोन असतील तर योगायोगाने निम्मी जुळणार, चार असतील तर पाव. त्यांच्या पद्धतीने आपल्या उदाहरणाला ०.७० मिळतात. पुढच्याच वर्षी विल्यम स्कॉट यांनी त्यातली फट दाखवली. यादीत कुणी कधी वापरणारच नाही असे आणखी दोन वर्ग नुसते लिहून ठेवा. वर्ग झाले चार, योगायोग उतरला पावावर, आणि तुमचा आकडा ०.७० वरून थेट ०.८० वर! कोडिंग तसूभरही सुधारलं नाही, गुण मात्र वाढले.

म्हणून स्कॉट म्हणाले, वर्ग किती आहेत ते बघू नका, ते प्रत्यक्षात किती वापरले गेले ते बघा. त्यांनी दोन्ही कोडरांची सरासरी धरली. १९६० मध्ये जेकब कोहेन आले आणि म्हणाले, सरासरी कशाला? प्रत्येक कोडरचा कल वेगळा असू शकतो, तो तसाच धरा. तोच कप्पा.

```
kappa = (Po - Pe) / (1 - Pe)
```

Po म्हणजे प्रत्यक्ष जुळणी, Pe म्हणजे योगायोगाची. पहिल्या कोडरने ‘देश’ ८८ वेळा वापरला, दुसऱ्याने ८७ वेळा. दोघांचा ‘देश’ योगायोगाने जुळण्याचा भाग ०.८८ गुणिले ०.८७, म्हणजे ०.७६५६. ‘बचत’चा ०.१२ गुणिले ०.१३, म्हणजे ०.०१५६. बेरीज ०.७८. म्हणजे न वाचताही ७८ उत्तरं जुळलीच असती! खऱ्या वाचनाने त्यात भर पडली जेमतेम ७ उत्तरांची, आणि भर पडायला जागा होती २२ उत्तरांची. कप्पा आला ०.३१.

८५ टक्के कुठे आणि ०.३१ कुठे. खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. ‘बचत’कडे नीट बघा. निदान एका कोडरला ‘बचत’ वाटलेली उत्तरं २०, त्यांत दोघांना वाटलेली फक्त ५. सरकारी खजिन्याला नेमकं हेच जाणून घ्यायचं असेल, की पैशासाठी बाँड घेणारे लोक किती आणि कसे, तर या कोडिंगवर भिस्त ठेवता येणार नाही. ८५ टक्क्यांनी ते झाकलं होतं, कप्पाने उघडं केलं.

पण याच गुणातून कप्पाची खोड निघते. समजा ‘देश’ आणि ‘बचत’ जवळपास निम्मे-निम्मे असते आणि जुळणी तीच, ८५. तर कप्पा ०.७० आला असता. चुका तितक्याच, आकडा दुपटीहून जास्त. १९९० मध्ये फाइनस्टाइन आणि चिकेटी यांनी वैद्यकातल्या लोकांसमोर हा विरोधाभास मांडला: जुळणी भरपूर, कप्पा कमी. त्यामुळे एका प्रश्नाचा कप्पा दुसऱ्या प्रश्नाच्या कप्पाशेजारी ठेवून ‘हे कोडिंग बरं, ते वाईट’ असं म्हणता येत नाही. आणि तो प्रसिद्ध तक्ता, ०.६१ च्या वर भक्कम, ०.८१ च्या वर जवळजवळ परिपूर्ण? तो १९७७ मध्ये लँडिस आणि कॉख यांनी दिला, आणि या सीमारेषा मनाने ठरवलेल्या आहेत हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. लोकांनी तक्ता उचलला, ते वाक्य तिथेच राहिलं.

मग आपण करायचं काय? कप्पा छापाल तेव्हा शेजारी ८०, ८, ७, ५ हे चार आकडेही छापा. वाचणाऱ्याला कप्पा कुठून आला ते दिसतं. आणि न जुळलेली १५ उत्तरं दोन्ही कोडरांसमोर ठेवून बोला. ‘चार पैसे बाजूला’सारखी उत्तरं बहुधा तिथेच सापडतील, ज्यात दोन कारणं एकत्र आहेत. मग नियम लिहून ठेवा: पहिलं सांगितलेलं कारण धरायचं, की दोन्ही वर्गांत नोंद करायची. दोन्हीकडे नोंद करायची ठरली, तर ‘देश आहे की नाही’ आणि ‘बचत आहे की नाही’ असा प्रत्येक वर्गाचा कप्पा स्वतंत्र काढावा लागतो. पुढचा ताळा मात्र नव्या उत्तरांवर करा. ज्या १५ वर चर्चा झाली, त्यांच्यावरच पुन्हा मोजलं तर नियम कळला की नुसतं उत्तर पाठ झालं, ते समजणार नाही.

एक शेवटचं. कप्पा १.०० आला तरी दोघं बरोबर आहेत असं तो म्हणत नाही. दोघं सारखे आहेत एवढंच म्हणतो. एकाच चुकीच्या नियमाने शिकवलेले दोन कोडर पूर्ण एकमताने चुकू शकतात, आणि ते ओळखायला शेवटी मूळ उत्तरंच वाचावी लागतात.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात.