शॉक कितव्या ठोक्याला? एका आकड्याची कुळकथा

शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरला, म्हणजे ‘आयसीडी’ला, एक आकडा शिकवून ठेवलेला असतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे ठोके मिनिटाला त्या आकड्यापुढे गेले आणि काही सेकंद तिथेच राहिले, तर यंत्र कामाला लागते. कुणासाठी हा आकडा 170 असतो, कुणासाठी 188, कुणासाठी 200. हे यंत्र घेऊन जिना चढणाऱ्या, बॅडमिंटन खेळणाऱ्या किंवा गड चढणाऱ्या माणसाची मर्यादाही त्याच आकड्यावरून ठरते. गंमत अशी की मूळ यंत्रात हा आकडाच नव्हता. पहिला आयसीडी ठोके मोजतच नसे.

यंत्राची कल्पना एका मृत्यूतून निघाली. पोलंडमध्ये जन्मलेले आणि पुढे इस्रायलमध्ये काम करणारे डॉक्टर मिशेल मिरोव्स्की यांचे वरिष्ठ हॅरी हेलर 1966 मध्ये हृदयाची लय बिघडून गेले. अशा रुग्णाला कायम इस्पितळात ठेवणे शक्य नव्हते, आणि शॉक देण्याचे यंत्र तेव्हा ढकलगाडीवरून न्यावे लागे. ते लहान करून शरीरातच बसवता येईल का, हा प्रश्न मिरोव्स्कींनी धरून ठेवला. 1968 मध्ये ते अमेरिकेत बाल्टिमोरच्या सायनाय हॉस्पिटलमध्ये गेले. तिथे मॉर्टन मॉवर हे सहकारी मिळाले.

जाणत्यांनी नाके मुरडली. शॉक देण्याच्या आधुनिक यंत्राचे जनक बर्नार्ड लाऊन यांनी तर 1972 मध्ये लेख लिहून या कल्पनेला अपुरा आणि उपयोग शोधत फिरणारा तोडगा ठरवले. मिरोव्स्की-मॉवरांनी उत्तरादाखल एका कुत्र्याची फिल्म दाखवायला सुरुवात केली. उभ्या कुत्र्याचे हृदय मुद्दाम फडफडायला लावले जाते, कुत्रा कोसळतो, काही सेकंदांनी पोटातले यंत्र शॉक देते आणि कुत्रा उठून शेपूट हलवू लागतो. यावर शंका निघाली की कुत्र्याला पडायला शिकवले असेल! तेव्हा त्यांनी सोबत ईसीजीची पट्टी दाखवायला घेतली.

4 फेब्रुवारी 1980 रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये शल्यविशारद लेव्ही वॉटकिन्स यांनी पहिले यंत्र माणसात बसवले. वजन पाव किलोच्या आसपास. ते पोटात ठेवायचे आणि त्यासाठी छाती उघडायची.

या यंत्राची ओळखण्याची रीत वेगळीच होती. ईसीजीची रेघ बहुतांश वेळ मधल्या सपाट पातळीवर असते आणि प्रत्येक ठोक्याला क्षणभर वर-खाली जाते. हृदय नुसते फडफडू लागले (याला डॉक्टर ‘व्हीएफ’ म्हणतात) की रेघ सपाट पातळीवर जवळपास थांबतच नाही. रेघ सपाट पातळीपासून किती वेळ दूर आहे, एवढेच यंत्र तपासत असे. व्हीएफसाठी ही युक्ती छान चाले. पण जिवावर बेतणारी दुसरी एक लय असते, ‘व्हीटी’. तिच्यात खालचा कप्पा नियमितपणे, पण फार वेगाने धावतो. काही रुग्णांत तिची रेघ अधूनमधून सपाट पातळीवर येते, आणि तेवढ्याने यंत्र फसून गप्प राही. म्हणून 1982 च्या सुधारित यंत्रात वेगाची अट घातली गेली. नाडीच्या मर्यादेचा जन्म तो हा.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1985 मध्ये आयसीडीला मान्यता दिली. तोवर ठोके मोजण्याची रीत रुळली होती, आणि तिच्यासोबत एक नवे दुखणेही. मोजणाऱ्याला वेग कळतो, वेगाचे कारण कळत नाही. व्हीटीमुळे 170 ठोके पडले काय आणि बस पकडायला धावल्यामुळे पडले काय, आकडा तोच. त्या काळी मर्यादा कारखान्यातच ठरून येई, बसवल्यावर ती बदलण्याची सोय नव्हती. मग डॉक्टरांनी रुग्णाला आधी ट्रेडमिलवर चालवून त्याची नाडी कुठवर जाते ते पाहायचे आणि बीटा ब्लॉकरच्या गोळ्यांनी तिला मर्यादेच्या खाली ठेवायचे. यंत्र रुग्णाशी जुळवून घेत नसे, रुग्णालाच यंत्राशी जुळवावे लागे.

1990 च्या दशकात बाहेरून प्रोग्रॅम करता येणारी यंत्रे सर्रास आली आणि एका आकड्याचे दोन-तीन झाले. यांनाच आज ‘झोन’ म्हणतात. वरच्या, म्हणजे व्हीएफच्या झोनमध्ये मुख्य भर शॉकवर. खालच्या व्हीटी झोनमध्ये आधी सौम्य उपाय: यंत्र हृदयापेक्षा थोड्या जास्त वेगाने आठ-दहा बारीक ठोके देऊन व्हीटीचे चक्र तोडू पाहते. हे दुखत नाही, पुष्कळदा कळतही नाही. त्याने भागले नाही तर शॉक. त्याखाली कधी नुसता नोंदीचा झोन असतो, तिथे यंत्र लिहून ठेवते, करत काही नाही. म्हणून ‘माझा झोन 150 पासून आहे’ एवढे माहीत असून भागत नाही. 150 पासून नोंद आहे की उपचार, हे विचारून घ्यावे लागते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, 36 वर्षांचे एक गृहस्थ आहेत. त्यांना पूर्वी व्हीटी झाली तेव्हा वेग 182 होता. ज्ञात व्हीटीच्या किमान दहा ठोके खाली झोन सुरू व्हावा, ही रूढ रीत. यंत्र खरे तर दोन ठोक्यांतले अंतर मिलिसेकंदांत मोजते. डॉक्टरांनी 350 मिलिसेकंद ठेवले, म्हणजे मिनिटाला 171. वरचा झोन 300 मिलिसेकंद, म्हणजे 200 पासून. आता वयाचा ढोबळ हिशेब बघा: 220 वजा 36, म्हणजे 184. त्यांचे निरोगी धावणेसुद्धा त्यांना मर्यादेपलीकडे नेऊ शकते.

एरवी बीटा ब्लॉकरमुळे नाडी 150 च्या पुढे जात नाही. पण प्रवासात दोन दिवस गोळी राहिली, आणि रविवारी बॅडमिंटनच्या तिसऱ्या गेममध्ये नाडी 174 वर पोचली. दोन ठोक्यांत आता 345 मिलिसेकंद. सलग 24 ठोके मर्यादेपुढचे आले की कृती, असे यंत्रात भरले असेल, तर त्याला सव्वाआठ सेकंद लागतात.

इथे यंत्र अगदीच आंधळे नसते. वेग हळूहळू चढला की एकदम उडी मारून? व्यायामाची नाडी चढत जाते, व्हीटी बहुधा झटक्यात सुरू होते. शिवाय ठोक्याचा आकार साठवलेल्या नमुन्याशी जुळतो का? जुळला तर तो वरून नेहमीच्या वाटेने आलेला ठोका. या चाचण्या बहुतेक वेळा वाचवतात. पण वेगात विद्युतवाहिनीची एक फांदी मागे पडली तर नैसर्गिक ठोक्याचाही आकार बदलतो. काही यंत्रांत अशीही सोय असते की वेग ठरावीक वेळ टिकलाच, तर शंका बाजूला ठेवून उपचार सुरू करायचा. हेतू चांगलाच, खरी व्हीटी सुटू नये.

समजा, या गृहस्थांच्या बाबतीत चाचण्या चुकल्या. यंत्र आधी बारीक ठोके देते. व्यायामाची नाडी त्याने थांबत नाही, कारण तोडायला चक्रच नाही. उलट क्वचित या ठोक्यांनीच खरी व्हीटी सुरू होते. मग शॉक बसतो. छातीत लाथ बसावी तसा तो असतो, आणि माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. भीतीने आणि वेदनेने ॲड्रिनालिन उसळते, नाडी आणखी चढते. यंत्राला वाटते, उपाय लागू पडला नाही. पुन्हा शॉक. एका प्रसंगात असे सहा-आठ शॉक बसू शकतात. म्हणून नियम असा: एक शॉक बसून बरे वाटत असेल तर खेळ थांबवून डॉक्टरांना लगेच कळवायचे, एकापेक्षा जास्त बसले, किंवा चक्कर, धाप, छातीत दुखणे असले तर थेट इस्पितळ.

हे टाळायला व्यायामाची कमाल नाडी उपचाराच्या सर्वांत खालच्या झोनच्या दहा ते वीस ठोके खाली ठेवतात. आपल्या उदाहरणात ती 151 ते 161. नेमका आकडा नेहमीच्या गोळ्या घेऊन केलेल्या ट्रेडमिल टेस्टवर ठरवणे उत्तम. मनगटी घड्याळावर फार विसंबू नये. हाताची जोरदार हालचाल आणि मधले चुकार ठोके तिथली नाडी चुकवतात. छातीच्या पट्ट्याचे मापन बरे. थांबतानाही एकदम न थांबता पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे.

मग मर्यादाच वर का नेऊ नये? हा प्रश्न 2012 च्या ‘मॅडिट-आरआयटी’ अभ्यासाने धसास लावला. आर्थर मॉस यांच्या नेतृत्वाखाली 1,500 रुग्णांचे तीन गट केले. एकात रूढ मांडणी, 170 पासून अडीच सेकंदांत उपचार. दुसऱ्यात उपचार 200 पासूनच. तिसऱ्यात 170 ते 199 मध्ये तब्बल 60 सेकंद थांबायचे. रूढ मांडणीपेक्षा दुसऱ्या गटात चुकीचे उपचार 79 टक्क्यांनी घटले, तिसऱ्यात 76 टक्क्यांनी. मुख्य म्हणजे दुसऱ्या गटात मृत्यूही 55 टक्क्यांनी कमी झाले. पुष्कळशा व्हीटी आपणहून थांबतात, आणि घाईने दिलेला उपचार निरुपद्रवी नसतो, हे लक्षात आले. आता ज्यांना पूर्वी व्हीटी झालेलीच नाही, त्यांचा खालचा झोन साधारण 185 ते 200 पासून ठेवतात. त्यांना व्यायामाला बरीच मोकळीक मिळते.

खेळाडूंबद्दलही धास्ती कमी झाली. 7 जून 2009 रोजी बेल्जियमचा फुटबॉलपटू अँथनी व्हान लू सामन्यात कोसळला, अंगातल्या यंत्राने शॉक दिला आणि थोड्याच वेळात तो उठून बसला. मिरोव्स्कींच्या फिल्मचीच आठवण व्हावी. 2013 मध्ये रेचल लॅम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी आयसीडी असलेल्या 372 खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. स्पर्धा किंवा सरावात 37 जणांना शॉक बसले होते, काही योग्य, काही चुकीचे. खेळताना मृत्यू किंवा शॉकमुळे इजा मात्र एकालाही झाली नव्हती.

आपल्या 36 वर्षांच्या गृहस्थांना ही मोकळीक मिळत नाही. झोन 200 वर नेला तर त्यांची 182 ची व्हीटी यंत्रासमोरून निघून जाईल आणि ते नुसते बघत राहील. उलट त्यांना पुढे ॲमिओडॅरोन सुरू झाले, तर ते औषध व्हीटीच मंद करते. ती 155 वर आली तर 171 च्या यंत्राला दिसणार नाही. रुग्णाला घाम, धाप, घेरी, आणि यंत्र शांत. मग झोन 145 वर आणावा लागतो आणि व्यायामाची कमाल नाडी 125 ते 135 वर उतरते. अशा वेळी महिन्यापूर्वी लिहून घेतलेला आकडा पाकिटात ठेवून चालायला निघणे धोक्याचे. गोळी बदलली, नवी व्हीटी नोंदली गेली किंवा यंत्र बदलले की पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून उपचाराचा सर्वांत खालचा आकडा नव्याने लिहून घ्यावा, आणि ट्रेडमिल टेस्ट पुन्हा करायची का, तेही तिथेच विचारावे.