क्विक शेअर : जवळच्या फोनवर मोठी फाइल थेट पाठवण्याची सोय

क्विक शेअर : अँड्रॉइड फोनमध्ये मुळातच असलेली, शेजारच्या फोनवर थेट फाइल पाठवण्याची सोय. ती वापरताना मोबाइल डेटा लागत नाही, वायफायचा राउटर लागत नाही आणि व्हॉट्सॲपसारख्या ॲपचीही गरज पडत नाही. दोन फोन रेडिओ लहरींनी एकमेकांना जोडले जातात आणि फाइल एका फोनच्या साठ्यातून दुसऱ्याच्या साठ्यात जशीच्या तशी उतरते. अँड्रॉइड ६ आणि त्यापुढच्या बहुतेक फोनांत ही सोय आहे. काही कंपन्यांनी तिच्या जोडीला स्वतःची वेगळी सोयही दिलेली असते.

पूर्वपीठिका : सुरुवातीच्या काळात शेजारच्या फोनवर गाणे किंवा फोटो पाठवायचा तर ब्लूटूथ हाच मार्ग होता. तो भरवशाचा असला तरी फार संथ होता. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० बरोबर अँड्रॉइड बीम आले. त्यात फोनांच्या पाठी एकमेकींना टेकवल्या की एनएफसीने ओळख पटे, पण मोठी फाइल पुढे ब्लूटूथवरूनच जात असे. भारतात ही उणीव शेअरइट आणि झेंडर या ॲपांनी भरून काढली. एक फोन हॉटस्पॉट उघडे, दुसरा त्याला जोडला जाई आणि अख्खा सिनेमा काही मिनिटांत पोचे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्यांत ही दोन्ही होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगलने निअरबाय शेअर ही सोय आणली. सॅमसंगची क्विक शेअर नावाची सोयही २०२० मधलीच. जानेवारी २०२४ मध्ये या दोन्ही एकत्र करण्याचे जाहीर झाले आणि एकत्रित सोयीला क्विक शेअर हेच नाव राहिले.

कार्यपद्धती : या सोयीत कामाची विभागणी असते. शोधण्याचे काम ब्लूटूथ करते आणि वाहून नेण्याचे काम वायफाय करते. हे नीट समजले की पुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो.

पाठवणारा Quick Share निवडतो तेव्हा त्याचा फोन ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या संदेशांनी आसपास चाचपणी करतो. ज्या फोनने स्वतःला दिसू देण्याची परवानगी दिली आहे तो उत्तर देतो आणि त्याचे नाव पडद्यावर येते. घेणाऱ्याने संमती दिल्यावर दोन्ही फोन कूटबद्ध दुवा तयार करतात. त्यानंतर ते ब्लूटूथवरून अधिक रुंद वाटेकडे वळतात. ही वाट बहुधा वायफाय डायरेक्टची असते, म्हणजे एक फोन तात्पुरता केंद्र बनतो आणि दुसरा त्याला जोडला जातो. दोन्ही फोन घरातल्या एकाच राउटरवर असतील तर तो मार्गही निवडला जाऊ शकतो. अशा वेळी फाइल राउटरपर्यंत जाऊन परत फिरते. राउटरच्या पलीकडे, इंटरनेटवर, ती जात नाही.

फोनच्या वरच्या पट्टीत वायफायची खूण दिसली की डेटा खर्च होत असावा अशी शंका अनेकांना येते. इथे वायफाय चालू असते, पण ते फक्त त्या दोन फोनांमध्ये. म्हणूनच सिम नसलेला किंवा रेंजबाहेर असलेला फोनही फाइल पाठवू शकतो.

एक उदाहरण : सिंधुदुर्गातल्या एखाद्या गावी दशावतारी नाटकातील युद्धाचा प्रसंग फोनवर ४के दर्जात टिपला आहे असे समजू. साधारण मिनिटाला ३०० एमबी या हिशेबाने १२ मिनिटांच्या चित्रणाची फाइल ३.६ जीबी होते. व्हॉट्सॲपवर दस्तऐवज म्हणून पाठवण्याची मर्यादा २ जीबी आहे, त्यामुळे ती अखंड जाणार नाही. व्हिडिओ म्हणून पाठवली तर दाबून लहान केली जाईल आणि मुकुटावरचे, वेशभूषेवरचे बारकावे पुसट होतील. इंटरनेटवरून पाठवायची तर पाठवणाऱ्याचा ३.६ जीबी आणि घेणाऱ्याचा ३.६ जीबी, असा दोन्हीकडे डेटा जाईल. रोज दीड जीबी मिळणाऱ्या योजनेत हे एका दिवसात बसत नाही.

क्विक शेअरने हेच काम पुढीलप्रमाणे होते :

१. घेणाऱ्याच्या फोनमध्ये किमान ४ ते ५ जीबी जागा मोकळी आहे का, हे पाहावे.

२. दोन्ही फोनांत ब्लूटूथ, वायफाय आणि लोकेशन चालू करावे. मोबाइल डेटा बंद ठेवला तरी चालतो. फोनचे स्वतःचे हॉटस्पॉट चालू असेल तर बंद करावे.

३. घेणाऱ्याने वरची पट्टी खाली ओढून Quick Share च्या चौकोनावर दाबावे आणि आपण कोणाला दिसावे यासाठी Everyone निवडावे. चौकोन सापडला नाही तर अनेक फोनांत ही जागा `Settings → Connected devices → Connection preferences → Quick Share` इथे असते. कंपनीनुसार वाट थोडी बदलते. फोनचा पडदा चालू आणि कुलूप उघडलेले ठेवावे.

४. पाठवणाऱ्याने फाइल उघडून Share आणि मग Quick Share निवडावे. यादीत घेणाऱ्याच्या फोनचे नाव आले की त्यावर दाबावे.

५. दोन्ही पडद्यांवर पिन दिसत असेल तर आकडे जुळवून पाहावेत. मग घेणाऱ्याने Accept दाबावे.

५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर सेकंदाला सुमारे ३० एमबी वेग मिळाला, तर ही फाइल दोन मिनिटांत पोचते. २.४ गिगाहर्ट्‌झवर सेकंदाला ५ एमबी मिळाले, तर बारा मिनिटे लागतात. तीच फाइल ब्लूटूथवरच अडकली, तर सेकंदाला पाव एमबीच्या हिशेबाने चार तास लागतील. हे वेग फोन, अंतर आणि आसपासची गर्दी यांवर कमीजास्त होतात, पण त्यांतल्या फरकाचे प्रमाण साधारण असेच राहते. फाइल पोचली की ती घेणाऱ्याच्या Downloads मध्ये, बहुधा Quick Share नावाच्या फोल्डरमध्ये सापडते. दर्जा आणि फाइलचे नाव मूळचेच राहते.

अडचणी आणि त्यांच्या खुणा : अडचण शोधण्यात आली आहे की वाहण्यात, हे आधी ठरवावे.

नावच दिसत नसेल तर दोष शोधण्यात आहे. घेणाऱ्याचा पडदा बंद झालेला असतो, ब्लूटूथ किंवा लोकेशन बंद असते किंवा दिसण्याची परवानगी संपलेली असते. बहुतेक फोनांत Everyone ही निवड दहा मिनिटांनी आपोआप मागे घेतली जाते, म्हणून गप्पांत वेळ गेला तर ती पुन्हा करावी लागते. Contacts ही निवड ठेवली असेल, तर दोघांचीही गूगल खाती आणि एकमेकांच्या संपर्कयादीतली नोंद लागते, शिवाय ओळख पटवण्याची माहिती आधी कधीतरी इंटरनेटवरून आलेली असावी लागते. रेंज नसलेल्या ठिकाणी अनोळखी फोनशी व्यवहार करायचा तर Everyone अधिक भरवशाचे.

नाव दिसते, संमती मिळते, पण काम सरकत नसेल तर दोष वाहण्यात आहे. वरच्या उदाहरणात ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर दर एक-दोन सेकंदांना एक टक्का वाढायला हवा. एकेका टक्क्याला दोन-अडीच मिनिटे लागत असतील, तर फोन ब्लूटूथवरून वायफायवर वळलेलेच नाहीत असे समजावे. अशा वेळी वाट पाहण्यात अर्थ नसतो. पाठवणे रद्द करून दोन्ही फोनांचे हॉटस्पॉट, व्हीपीएन आणि बॅटरी बचत बंद करावी, फोन शेजारी-शेजारी ठेवावेत आणि पुन्हा पाठवावे. बराच वेग आहे पण अपेक्षेपेक्षा कमी, अशी स्थिती असेल तर एखादा फोन २.४ गिगाहर्ट्‌झच्या राउटरला जोडलेला असण्याची शक्यता असते. अनेक फोनांचे वायफाय एका वेळी एकाच पट्ट्यावर काम करते आणि मग थेट दुवाही त्याच संथ पट्ट्यावर बांधला जातो. वायफाय चालू ठेवून राउटरची जोडणी तेवढी सोडली की वेग वाढतो.

तिसरी अडचण फसवी असते : सगळे नीट होते, पण मोबाइल डेटा खर्च झालेला दिसतो. याचे कारण क्विक शेअरच्या आधी घडलेले असते. गूगल फोटोजमध्ये दिसणारा व्हिडिओ जागा वाचवण्यासाठी फोनवरून काढलेला असेल, तर पडद्यावर फक्त त्याची प्रतिमा असते आणि मूळ फाइल क्लाउडवर. ती पाठवायला घेतली की ॲप आधी ती इंटरनेटवरून उतरवून घेते. फाइल्सच्या ॲपमध्ये जाऊन फोनच्या साठ्यातली मूळ फाइलच निवडली की ही भीती राहत नाही. सॅमसंगच्या फोनांत दुवा तयार करून पाठवण्याचाही पर्याय असतो. त्यात फाइल आधी क्लाउडवर चढते, म्हणून डेटा वाचवायचा असेल तर तो टाळून यादीतल्या फोनच्या नावावरच दाबावे.

सुरक्षितता : जाताना फाइल कूटबद्ध असते आणि घेणाऱ्याच्या संमतीशिवाय अनोळखी फोनवरून काहीही उतरत नाही. धोका असतो तो नावांच्या गोंधळाचा. रेल्वेच्या डब्यात किंवा लग्नाच्या हॉलमध्ये एकाच कंपनीचे, सारख्या नावाचे अनेक फोन यादीत येतात आणि खासगी फोटो भलत्याकडे जाऊ शकतात. म्हणून आपल्या फोनला ओळखता येईल असे नाव द्यावे, पिन जुळवावा आणि काम झाल्यावर Your devices किंवा Contacts वर परत यावे. फाइल मूळ स्वरूपात जाते, त्यामुळे फोटोत ठिकाणाची नोंद असेल तर तीही बहुधा सोबत जाते, हे घराचे किंवा मुलांचे फोटो देताना लक्षात ठेवावे.

मर्यादा : दोन फोन काही फुटांच्या आत असावेत आणि काम पूर्ण होईपर्यंत तिथेच राहावेत. चार जीबीपेक्षा मोठी फाइल नंतर मेमरी कार्डवर हलवायची असेल आणि कार्ड जुन्या फॅट३२ पद्धतीचे असेल, तर ते ती स्वीकारत नाही. ही मर्यादा कार्डाची आहे, क्विक शेअरची नाही. आयफोनची एअरड्रॉप ही सोय याच तत्त्वावर चालते. आयफोनवर ती २०१३ मध्ये, आयओएस ७ पासून आली, पण बराच काळ तिचे अँड्रॉइडशी जमत नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० मालिकेच्या फोनांना एअरड्रॉपशी थेट देवाणघेवाण करण्याची सोय दिली. त्यासाठी आयफोनवर ‘सर्वांसाठी, दहा मिनिटे’ ही निवड करावी लागते. ज्या अँड्रॉइड फोनांवर ही सोय नाही त्यांच्याकडून आयफोनला मोठी फाइल डेटाविना द्यायची तर दोन्ही फोनांना चालणारा टाइप-सी पेनड्राइव्ह हा सरळ मार्ग होय. तो आयफोन १५ पासूनच्या फोनांना थेट लागतो.