ओलेड घड्याळाच्या पडद्यावरची सावली

केज : मनगटावरील स्मार्टवॉचची तबकडी बदलावी आणि नव्या चित्राआडून जुन्या आकड्यांची पुसट आकृती डोकावावी, हा प्रकार ओलेड पडद्याच्या घड्याळांत घडू शकतो. इंग्रजीत त्याला ‘बर्न-इन’ म्हणतात. प्रत्यक्षात येथे काहीही जळत नाही. पडद्याचा एक भाग इतर भागांपेक्षा जास्त झिजलेला असतो, एवढेच.

ओलेड पडद्यात मागून प्रकाश देणारा दिवा नसतो. प्रत्येक बिंदू, म्हणजे पिक्सेल, स्वतःच उजळतो. विजेचा प्रवाह मिळताच प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर त्यात असतात. कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये असा व्यवहार्य पातळ थर प्रसिद्ध केला आणि आजचे पडदे त्याच वाटेने आले. हे थर वापराबरोबर मंदावतात. सारा पडदा सारखाच मंदावला, तर डोळ्याला ते कळतही नाही. मात्र एखादा आकडा महिनोन्महिने एकाच जागी उजळत राहिला, तर त्याखालचे पिक्सेल शेजाऱ्यांच्या मागे पडतात आणि तो फरक सावली म्हणून दिसू लागतो. तीन रंगांपैकी निळा सर्वांत लवकर थकतो. म्हणूनच पांढऱ्या पार्श्वभूमीवर ही सावली बहुधा पिवळसर दिसते.

‘ऑलवेज-ऑन’ सोय, म्हणजे दिवसभर तबकडी दिसत राहणे, घड्याळांत रूढ झाल्यावर हा प्रश्न अधिक ठळक झाला. अ‍ॅपलने २०१९ मध्ये सिरीज ५ या घड्याळात ही सोय दिली. त्यासाठी पडदा सेकंदाला एकदाच ताजा करण्याची युक्ती योजण्यात आली. पण ती मुख्यतः बॅटरी वाचवते. तबकडीचे आकडे जिथल्या तिथे उजळलेलेच असतात.

हिशेब मांडून पाहिला, तर कोणती गोष्ट पडदा झिजवते हे स्पष्ट होते. केजमधील एखादा दुकानदार सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत, म्हणजे १६ तास, घड्याळ मनगटावर ठेवतो आणि त्यावर आकड्यांची १२ तासांची तबकडी सतत चालू असते, असे समजू. वर्षाला हे ५,८४० तास होतात. तास आणि मिनिट यांमधील दोन टिंबे हे सर्व ५,८४० तास एकाच जागी उजळतात. त्याच तबकडीवर तासांचा दशकस्थानचा ‘१’ फक्त १०, ११ आणि १२ या तासांत दिसतो, म्हणजे दिवसाला तीन तास आणि वर्षाला १,०९५ तास. आता काट्यांची तबकडी घेतली, तर मिनिट काट्याचे टोक दर तासाला सुमारे एक मिनिटच एका जागी थांबते. वर्षभरात त्या जागेच्या वाट्याला साधारण ९७ तास येतात. म्हणजे काटे निरुपद्रवी आणि टिंबे धोकादायक! अर्थात काट्यांच्या मधला खिळा, तासांच्या स्थिर खुणा, कोपऱ्यातील कंपनीचे चिन्ह आणि दिवसभर चालू असलेला पावलांचा आकडा ही टिंबांच्याच पंक्तीत बसतात.

हे तास मोजताना एक भान हवे. सतत दिसणारी तबकडी मंद प्रकाशात असते, त्यामुळे तिचा एक तास पूर्ण प्रकाशातील एका तासाइतकी झीज करत नाही. पण उन्हात चित्र पालटते. केजच्या एप्रिल-मेमधील उन्हात पारा चाळिशीपार जातो. अशा वेळी स्वयंचलित प्रकाशमान पडदा बराच उजळवते आणि उष्णता स्वतंत्रपणे झिजेचा वेग वाढवते. जास्त प्रकाश आणि जास्त तापमान यांची ही जोडी सर्वांत महागात पडते. प्रकाश निम्मा केला, तर झीज निम्म्याहूनही कमी होते. त्यामुळे सावलीत बसून काम करणाऱ्याने प्रकाशमान एका पायरीने खाली आणणे हा पहिला उपाय. घड्याळ उतरवून दुचाकीच्या टाकीवर किंवा मोटारीच्या काचेमागे ठेवणे मात्र टाळावेच.

दुसरा उपाय सतत दिसण्याची सोय बंद करण्याचा. मनगट उचलल्यावरच पडदा उजळला आणि दिवसातून शंभरदा प्रत्येकी पाच सेकंद पाहिले, तरी वर्षाला सुमारे ५० तासच होतात. ५,८४० पुढे ते नगण्य आहेत. अ‍ॅपलच्या घड्याळात Settings मधील Display & Brightness येथे Always On हा पर्याय बंद करता येतो, तर सॅमसंगच्या घड्याळात तो Display या विभागात Always On Display या नावाने सापडतो.

ही सोय ज्यांना सोडवत नाही, त्यांनी तबकडी विचारपूर्वक निवडावी. घड्याळातील संगणक-प्रणाली चित्र अधूनमधून काही पिक्सेलांनी सरकवते आणि झीज वाटून देते. परंतु हे सरकणे पातळ रेषेलाच उपकारक ठरते. तीन पिक्सेल जाडीची रेघ दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेल सरकली, तर कोणताही पिक्सेल सदैव उजळलेला राहत नाही. बारा पिक्सेल जाडीचा भरीव आकडा तेवढाच सरकला, तर मधले सहा पिक्सेल कायम उजळलेलेच राहतात. म्हणून काळी पार्श्वभूमी, बारीक किंवा पोकळ आकडे आणि कमीत कमी स्थिर चिन्हे असलेली तबकडी घ्यावी. गडद निळ्या किंवा शुभ्र आकड्यांऐवजी लाल, नारिंगी वा हिरवा रंग निवडल्यास निळ्या पिक्सेलला विश्रांती मिळते. आठवड्याला तबकडी बदलणेही उपयोगी, मात्र नव्या तबकडीतील वेळ पडद्यावर वेगळ्या जागी असावी. वेळ तिथेच राहून केवळ रंग बदलला, तर झीज फारशी वाटली जात नाही. रात्री चार्जिंगवर ठेवल्यावर वेळ दाखवत राहणारी घड्याळे तर हमखास विसरली जातात. झोपताना ती सोय बंद करावी.

सावली दिसू लागली, तर ती तात्पुरती आहे की कायमची, हे आधी ओळखावे. मध्यम करड्या रंगाचे एकसंध चित्र फोनमधून घड्याळात पाठवून अंधाऱ्या खोलीत, कमी प्रकाशमानावर, पूर्ण पडद्यावर उघडावे. मग घड्याळ रात्रभर बंद ठेवून सकाळी तेच चित्र पुन्हा पाहावे. आकृती विरली असेल, तर तो केवळ रेंगाळलेला ठसा होता. ती तशीच असेल, तर झीज कायमची आहे. एकेक रंगाचे चित्र लावले, तर निळ्यावर ती सर्वांत ठळक दिसते.

रंग भराभर बदलून पडदा ‘दुरुस्त’ करणारी अ‍ॅप्स बाजारात आहेत, पण त्यांची मर्यादा लक्षात घ्यावी. झिजलेला थर ती परत आणत नाहीत. फार तर उरलेला पडदा तेवढाच झिजवून फरक कमी करतात आणि एकूण आयुष्य घटवतात. कायमची सावली काढण्याचा मार्ग पडदा बदलण्याचाच.

दिवसभर उन्हात वावरणाऱ्यांना आणखी एक पर्याय आहे. गार्मिनच्या फिनिक्स ७ सारख्या घड्याळांत ओलेडऐवजी बाहेरचा प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो. रंग फिके, पण उन्हात तो जास्त स्पष्ट दिसतो आणि त्यात ओलेडसारखी झीज नसते. जुने घड्याळ विकत घेताना, विशेषतः दुकानात प्रदर्शनासाठी सतत चालू ठेवलेले असेल, तर वरची करड्या रंगाची चाचणी पैसे देण्याआधीच करून घ्यावी.