घातश्रेढीचे पदशः अवकलन आणि समाकलन: अनंत बेरीज एका सूत्रात कशी बसते?

काही अनंत श्रेढींची बेरीज थेट काढता येत नाही, पण ज्या श्रेढीची बेरीज आधीच ठाऊक आहे तिच्याशी त्यांचे नाते असते. ज्ञात श्रेढीतील प्रत्येक पदाचे अवकलन किंवा समाकलन केले की नवी श्रेढी मिळते. तीच क्रिया ज्ञात बेरजेच्या सूत्रावर केली की नव्या श्रेढीची बेरीजही मिळते. या पद्धतीला पदशः अवकलन किंवा पदशः समाकलन म्हणतात.

एक साधा प्रश्न

ल्युडोमध्ये सोंगटी घराबाहेर काढायला ६ पडावे लागतात. त्यासाठी सरासरी किती वेळा फासा टाकावा लागेल? पहिला ६ बरोबर n-व्या वेळी पडायचा, तर आधीच्या n−1 वेळा ६ पडता कामा नये. त्याची संभाव्यता (5/6)ⁿ⁻¹ · (1/6) आहे. प्रत्येक n ला त्याच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली की सरासरी मिळते:

(1/6) · [1 + 2(5/6) + 3(5/6)² + 4(5/6)³ + …]

कंसातली श्रेढी गुणोत्तर श्रेढीसारखी दिसते, पण प्रत्येक पदामागे 1, 2, 3, 4 असे गुणक आले आहेत. त्यामुळे गुणोत्तर श्रेढीचे सूत्र तिला थेट लागू होत नाही. हे गुणक आले कुठून, ते ओळखणे हीच या पद्धतीची किल्ली आहे.

अवकलन: गुणक अंशात असेल तेव्हा

सुरुवात नेहमीच्या गुणोत्तर श्रेढीपासून करू. x ची किंमत −1 आणि 1 यांच्या दरम्यान असेल तर

1 + x + x² + x³ + … = 1/(1−x)

xⁿ चे अवकलन n·xⁿ⁻¹ असते, म्हणजे घातांक खाली उतरून गुणक होतो. आपल्याला हवे असलेले 1, 2, 3, 4 हे गुणक असेच मिळतात. दोन्ही बाजूंचे अवकलन केल्यावर

1 + 2x + 3x² + 4x³ + … = 1/(1−x)²

येथे x = 5/6 घेतले तर उजवी बाजू 1/(1/6)² = 36 होते. तिला 1/6 ने गुणले की उत्तर ६ येते. म्हणजे सोंगटी बाहेर काढायला सरासरी ६ वेळा फासा टाकावा लागतो.

आता 1/2 + 2/4 + 3/8 + 4/16 + … ही श्रेढी पाहू. तिचे सर्वसाधारण पद n/2ⁿ, म्हणजे n·xⁿ आहे. वरच्या सूत्रात मात्र n·xⁿ⁻¹ आहे. हा एका घाताचा फरक भरून काढण्यासाठी दोन्ही बाजूंना x ने गुणावे लागते:

x + 2x² + 3x³ + … = x/(1−x)²

x = 1/2 ठेवल्यावर बेरीज 2 येते. x ने गुणायचे राहून गेले तर 4 हे चुकीचे उत्तर मिळते. या प्रकारच्या गणितात सर्वाधिक चुका येथेच होतात. ती पकडायला सोपा उपाय आहे: पहिली काही पदे प्रत्यक्ष मिळवून पाहा. पहिल्या दहा पदांची बेरीज १.९८८ येते आणि पुढची पदे झपाट्याने लहान होत जातात. त्यामुळे ४ हे उत्तर शक्यच नाही, हे लगेच कळते.

अंशात n² असेल तर हीच क्रिया पुन्हा करायची. वरच्या सूत्राचे अवकलन करून परत x ने गुणले की

x + 4x² + 9x³ + 16x⁴ + … = x(1+x)/(1−x)³

x = 1/2 साठी याची किंमत 6 येते, म्हणजे 1/2 + 4/4 + 9/8 + 16/16 + … = 6.

समाकलन: गुणक छेदात असेल तेव्हा

n छेदात असेल तर उलट दिशेने जावे लागते. xⁿ⁻¹ चे 0 पासून x पर्यंत समाकलन केले तर xⁿ/n मिळते. गुणोत्तर श्रेढीच्या दोन्ही बाजूंवर ही क्रिया केली की

x + x²/2 + x³/3 + x⁴/4 + … = −ln(1−x)

येथे ln म्हणजे नैसर्गिक लघुगणक. x = 1/2 घेतल्यावर

1/2 + 1/8 + 1/24 + 1/64 + 1/160 + … = ln 2

पहिल्या सहा पदांची बेरीज सुमारे ०.६९११ येते आणि ln 2 ची किंमत सुमारे ०.६९३१ आहे. दोन्ही जुळतात.

समाकलन करताना एक स्थिरांक येतो, तो विसरता कामा नये. 0 पासून x पर्यंत समाकलन केले तर त्याची चिंता उरत नाही. सीमा न घेता समाकलन केले, तर x = 0 ठेवून दोन्ही बाजू समान येतात का हे पाहावे आणि त्यावरून स्थिरांक ठरवावा. वरच्या सूत्रात x = 0 ला दोन्ही बाजू शून्य होतात, म्हणून तेथे स्थिरांक शून्य आहे.

छेदात दोन अवयव असले तरी हीच पद्धत चालते. उदाहरणार्थ, 1/(1·2·2) + 1/(2·3·4) + 1/(3·4·8) + … या श्रेढीचे सर्वसाधारण पद 1/(n(n+1)2ⁿ) आहे. 1/(n(n+1)) = 1/n − 1/(n+1) असे तुकडे केले तर पहिल्या तुकड्याची बेरीज वर मिळालेली ln 2 आहे. दुसऱ्या तुकड्यात 1/((n+1)2ⁿ) ही पदे येतात. ती म्हणजे त्याच लघुगणकाच्या श्रेढीची पदे, फक्त पहिले पद वगळलेली आणि 2 ने गुणलेली. म्हणून त्यांची बेरीज 2(ln 2 − 1/2) = 2 ln 2 − 1. वजाबाकी केल्यावर उत्तर येते 1 − ln 2, म्हणजे सुमारे ०.३०६९.

हे करणे योग्य का ठरते?

मर्यादित पदांच्या बेरजेचे अवकलन पदशः करता येते, हे आपण शाळेपासून गृहीत धरतो. अनंत पदांच्या बाबतीत ते नेहमी खरे नसते. 0 आणि 2π यांच्या दरम्यान

sin x + (sin 2x)/2 + (sin 3x)/3 + … = (π−x)/2

हे सूत्र बरोबर आहे. पण पदशः अवकलन केले तर डावीकडे cos x + cos 2x + cos 3x + … येते. तिची पदे शून्याकडे जातच नाहीत, त्यामुळे तिला बेरीज नाही. उजवीकडे मात्र −1/2 हे साधे उत्तर दिसते.

घातश्रेढीत असे होत नाही, कारण तिच्या अभिसारत्रिज्येच्या आत पदे गुणोत्तर श्रेढीच्या वेगाने लहान होतात. xⁿ ला n ने गुणले तरी लागोपाठच्या पदांचे गुणोत्तर x·(n+1)/n एवढेच होते, आणि n वाढत गेला की ते पुन्हा x च्या जवळ येते. n ची वाढ xⁿ च्या घसरणीपुढे टिकत नाही. म्हणून अवकलनाने किंवा समाकलनाने अभिसारत्रिज्या बदलत नाही, आणि तिच्या आत नवी श्रेढी व नवे सूत्र हमखास जुळतात.

त्रिज्येच्या बाहेर मात्र सूत्राला अर्थ उरत नाही. 1/(1−x)² मध्ये x = 2 ठेवले तर 1 मिळतो, पण श्रेढी 1 + 4 + 12 + 32 + … अशी वाढतच जाते. धन पदांची ही बेरीज 1 असू शकत नाही.

टोकावर काय होते?

त्रिज्येच्या नेमक्या टोकावर वेगळी तपासणी लागते. अवकलनाने टोकावरचे अभिसरण हरवू शकते, आणि समाकलनाने नव्याने मिळू शकते. 1 − x + x² − … = 1/(1+x) या श्रेढीत x = 1 ठेवले तर 1 − 1 + 1 − 1 + … येते आणि बेरीज ठरत नाही. समाकलन केल्यावर तीच श्रेढी x = 1 ला 1 − 1/2 + 1/3 − 1/4 + … अशी होते आणि अभिसारी असते. अशा वेळी नील्स आबेल यांचा १८२६ सालचा सिद्धांत उपयोगी पडतो: टोकावर श्रेढी अभिसारी असेल, तर तिची बेरीज म्हणजे आतून टोकाकडे येताना मिळणारी सूत्राची सीमा. म्हणून या श्रेढीची बेरीज ln 2.

पण टोकावरची श्रेढी संथ असते. हजार पदे घेतली तरी येथे सुमारे ०.०००५ इतका फरक उरतो. x = 1/2 ची आधीची श्रेढी मात्र दहा पदांतच ०.०००१ पेक्षा कमी फरकाने ln 2 देते.

हा फरक प्रत्यक्षात किती महत्त्वाचा ठरतो, हे π च्या गणनेत दिसते. 1/(1+x²) = 1 − x² + x⁴ − … चे समाकलन केले की tan⁻¹ x = x − x³/3 + x⁵/5 − … मिळते. x = 1 ठेवल्यावर π/4 = 1 − 1/3 + 1/5 − …, पण ही श्रेढीही तशीच संथ आहे. x = 1/√3 ठेवले तर कोन π/6 येतो आणि

π = √12 · (1 − 1/(3·3) + 1/(5·3²) − 1/(7·3³) + …)

येथे पहिली पाच पदेच ३.१४२६ देतात. केरळमधील संगमग्रामचे माधव यांनी चौदाव्या शतकाच्या सुमारास याच श्रेढीची २१ पदे घेऊन π ची किंमत ११ दशांश स्थळांपर्यंत काढली होती. त्यांच्या परंपरेतील ज्येष्ठदेव यांच्या 'युक्तिभाषा' या ग्रंथात या श्रेढीची सिद्धता आहे. त्यात आजच्या समाकलनाच्या जागी वर्तुळकंसाचे बारीक तुकडे पाडून त्यांची बेरीज केली आहे.

पद्धत कुठे थांबते?

x + x²/2 + x³/3 + … ला x ने भागून पुन्हा समाकलन केले तर छेदात n² येतो. श्रेढी म्हणून त्यात काहीच अडचण नाही. पण उजवीकडे −ln(1−x)/x चे समाकलन करावे लागते, आणि त्याचे उत्तर घात, लघुगणक, त्रिकोणमितीय अशा परिचित फलांत लिहिता येत नाही. त्यामुळे 1 + 1/4 + 1/9 + 1/16 + … = π²/6 ही बेरीज केवळ एवढ्या पद्धतीने हाती लागत नाही; त्यासाठी वेगळी युक्ती लागते. पदशः क्रिया श्रेढीला हवे ते रूप देते, पण उत्तर एका सुटसुटीत सूत्रात बसेल की नाही, हे सूत्राच्या बाजूचे समाकलन सुटते का यावर अवलंबून असते.