मार्जिन शॉर्टफॉलची सूचना

शेअरबाजारात ऑप्शन विकून ठेवलेल्या ग्राहकाच्या खात्यातले मार्जिन गरजेपेक्षा कमी पडले, की ब्रोकर त्याला जी लेखी मागणी पाठवतो ती मार्जिन शॉर्टफॉलची सूचना. बोलताना तिला ‘मार्जिन कॉल’ म्हणतात. पूर्वी ब्रोकरच्या कचेरीतून खरोखरच फोन यायचा. आता एसएमएस, ईमेल आणि ॲपवरचा संदेश येतो. किती रक्कम कमी आहे, ती कधीपर्यंत भरायची आणि न भरल्यास काय होईल, एवढ्या तीन गोष्टी तिच्यात असतात. ही नोंद राष्ट्रीय शेअरबाजारातील निफ्टीच्या ऑप्शनपुरती आहे.

ऑप्शन विकत घेणाऱ्याचे नुकसान त्याने भरलेल्या प्रीमियमपुरते असते, म्हणून इंडेक्स ऑप्शनच्या निव्वळ खरेदीदाराला ही सूचना येत नाही. विकणाऱ्याचे उलट असते. त्याला मिळणारी रक्कम ठरलेली असते, पण द्यावी लागणारी रक्कम बाजार ठरवतो. म्हणून क्लिअरिंग कॉर्पोरेशन त्याच्याकडून सौद्याआधीच मार्जिन घ्यायला लावते. त्याचा मोठा भाग ‘स्पॅन’ पद्धतीने काढतात. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजने १९८८ मध्ये आणलेल्या या पद्धतीत भाव आणि अस्थिरता यांच्या १६ शक्यता धरून पाहतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या तोट्याइतकी रक्कम अडकवतात. विकलेल्या इंडेक्स ऑप्शनवर त्याशिवाय सौद्याच्या एकूण मूल्याच्या २ टक्के एक्स्पोजर मार्जिन असते. नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या दिवशी त्यात आणखी २ टक्क्यांची भर पडते.

ग्राहकाचा पहिला गोंधळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. फ्युचरमधला तोटा रोजच्या रोज खात्यातून रोखीने वळता होतो. विकलेल्या ऑप्शनचा होत नाही. ऑप्शन महागला तर त्याचा चालू भाव मार्जिनच्या मागणीत मिळवला जातो. त्यामुळे लेजर जसेच्या तसे दिसते, एक रुपयाही गेलेला नसतो, आणि तरी शॉर्टफॉल उभा राहतो. ‘माझे पैसे गेलेच नाहीत, मग मागता कशाचे?’ हा प्रश्न त्यातूनच येतो.

४ जून २०२४ चा दिवस यासाठी नमुनेदार आहे. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला होता. लोकसभेचे निकाल लागत गेले तसा तो घसरला आणि २१,८८४.५० वर बंद झाला. एका दिवसात जवळजवळ ६ टक्के. समजा, एका ग्राहकाने ३ जूनला ६ जूनच्या एक्स्पायरीचे २२,५०० चे पुट ९० रुपयांनी विकले होते. तेव्हाचा लॉट २५ चा. चार लॉट म्हणजे १०० नग, मिळालेला प्रीमियम ९,००० रुपये. निफ्टी साडेसातशे अंशांनी वर, एक्स्पायरीला तीन दिवस, म्हणजे त्याच्या हिशेबी सौदा सुखरूप होता. (येथून पुढचे निफ्टीचे बंद भाव खरे आहेत, ग्राहकाचे आकडे उदाहरणादाखल.)

३ जूनला त्याची मार्जिनची गरज २,८०,००० रुपये होती आणि खात्यात ३,२०,००० होते : १,४०,००० रोख आणि प्लेज केलेल्या शेअर्सचे, हेअरकट वजा जाता, १,८०,०००. ४ जूनला बंदच्या वेळी पुटचा भाव ७०० झाला असे धरू. विकलेल्या ऑप्शनचे मूल्य ९,००० वरून ७०,००० वर गेले, म्हणजे मागणीत ६१,००० ची भर. निफ्टी स्ट्राइकच्या खाली गेल्यामुळे आणि अस्थिरता वाढल्यामुळे उरलेले मार्जिन आणखी ५५,००० नी वाढले. एकूण गरज ३,९६,०००. त्याच दिवशी तारण ठेवलेले शेअर्सही पडले आणि त्यांची किंमत १,६६,००० धरली गेली. हातात राहिले ३,०६,०००. शॉर्टफॉल ९०,०००. मागणी वाढते आणि तारण आटते, हे दोन्ही एकाच दिवशी घडते. शेअर्स गहाण ठेवून ऑप्शन विकणाऱ्याला हा दुहेरी फटका बसतोच.

त्या संध्याकाळी त्याला आलेली सूचना साधारण अशी वाचता येईल :

‘प्रिय ग्राहक, दि. ४/६/२०२४ च्या बाजार बंद वेळी आपल्या एफ अँड ओ खात्यात आवश्यक मार्जिन ₹३,९६,०००, उपलब्ध मार्जिन ₹३,०६,०००, शॉर्टफॉल ₹९०,०००. कृपया दि. ५/६/२०२४ सकाळी ९:०० पूर्वी रक्कम जमा करावी अथवा पोझिशन कमी करावी. तसे न झाल्यास आपल्या पोझिशन पुढील सूचनेशिवाय, पूर्णतः वा अंशतः, बाजारभावाने स्क्वेअर-ऑफ केल्या जातील. होणारा तोटा, दंड व व्याज आपल्या खात्यावर टाकले जाईल. बाजारात मोठी हालचाल झाल्यास दिलेल्या मुदतीपूर्वीही कारवाई होऊ शकते.’

यातले शेवटचे वाक्य बहुतेक जण वाचत नाहीत, आणि खरे वजन त्याच वाक्याला आहे. सूचनेतली मुदत म्हणजे बँकेच्या हप्त्याची तारीख नव्हे. खाते उघडताना ग्राहक ज्या हक्क व कर्तव्यांच्या दस्तऐवजावर सही करतो, त्यात मार्जिन न भरल्यास पोझिशन बंद करण्याचा अधिकार ब्रोकरला दिलेला असतो आणि त्यातून होणारा तोटा ग्राहकाचा, असेही लिहिलेले असते. किती वाजता आणि किती टक्के शॉर्टफॉलवर हात घालायचा, हे प्रत्येक ब्रोकरच्या आरएमएस धोरणात असते. आरएमएस म्हणजे जोखीम सांभाळणारा विभाग. प्रत्यक्षात मात्र बटण दाबणारा माणूस क्वचितच असतो, मर्यादा ओलांडली की संगणक ऑर्डर टाकतो. सूचनेतला आकडाही तेवढ्यापुरताच खरा. दुसऱ्या दिवशी बाजार खाली उघडला, तर ९०,००० भरूनही कमी पडू शकतात.

सूचना मिळाल्यावर रोख भरणे हा सरळ मार्ग. रक्कम ग्राहकाच्याच नोंदवलेल्या बँक खात्यातून यावी लागते. मित्राने परस्पर पाठवलेले पैसे धरले जात नाहीत. आणखी शेअर्स प्लेज करूनही शॉर्टफॉल भरतो, पण रात्रभर ठेवलेल्या पोझिशनच्या मार्जिनचा निम्मा भाग रोख किंवा रोखीसमान असावा लागतो. वरच्या उदाहरणात ३,९६,००० च्या निम्मे १,९८,००० होतात आणि रोख १,४०,००० च आहे. शेअर्सने एकूण आकडा जुळवला तरी ५८,००० रोख कमी राहते आणि त्यावर ब्रोकर व्याज लावतो.

पोझिशन कमी करायची झाली तर हिशेब नीट करावा. एका लॉटमागे ९९,००० मार्जिन अडकले आहे, तेव्हा एक लॉट बंद केला की ९०,००० चा प्रश्न मिटला, असे वाटते. तो मिटत नाही. लॉट परत विकत घ्यायला ७०० च्या भावाने १७,५०० रुपये रोख जातात, म्हणून खरी सुटका ८१,५०० चीच होते. दोन लॉट बंद करावे लागतात. तिसरी वाट म्हणजे खालच्या स्ट्राइकचा पुट विकत घेऊन हेज करणे. तोट्याला तळ मिळाला की मार्जिन बरेच उतरते. पण घबराटीच्या दिवशी तो पुटही महाग असतो, प्रीमियम रोख द्यावा लागतो आणि शॉर्टफॉल असलेल्या खात्याच्या नव्या ऑर्डर काही ब्रोकरांची यंत्रणा नाकारते. हेज सौद्याच्या वेळीच घेतलेला असावा, हे सांगायला सोपे. ९० रुपयांतले पंचवीस-तीस त्यात जातात म्हणून विकणारे तो टाळतात.

उलटा प्रकारही वारंवार घडतो. हेज असलेल्या पोझिशनमधला विकत घेतलेला ऑप्शन ग्राहक नफ्यात दिसतो म्हणून आधी विकून टाकतो. मागे उघडा शॉर्ट ऑप्शन उरतो, त्याचे मार्जिन क्षणात कित्येक पटींनी वाढते आणि बाजार जागचा हललेला नसताना सूचना येते. बंद करताना शॉर्ट बाजू आधी, हा क्रम यासाठीच पाळायचा.

दंड हा वेगळा विषय आहे, जरी सूचनेत तो एका शब्दात येतो. मार्जिन कमी गोळा केल्याबद्दल क्लिअरिंग कॉर्पोरेशन ब्रोकरला दंड करते. शॉर्टफॉल १ लाखाच्या आत आणि लागू मार्जिनच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर दिवसाला अर्धा टक्का. दोन्हींपैकी एक मर्यादा जरी गाठली तरी १ टक्का. आपल्या ग्राहकाचे ९०,००० लाखाच्या आत आहेत, पण ३,९६,००० च्या जवळजवळ २३ टक्के आहेत, म्हणून दर १ टक्का आणि दंड दिवसाला ९०० रुपये. सलग तीन दिवसांनंतरही शॉर्टफॉल राहिला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५ टक्के. सौद्याआधीच घ्यायचे मार्जिन कमी पडल्याचा दंड ब्रोकरने सरसकट ग्राहकावर ढकलायचा नसतो. ग्राहकाचा चेक न वटणे किंवा त्याने स्वतः हेज मोडणे अशा कारणांनी तो आला असेल तर मात्र लावता येतो. दिवसभरातही किमान चार वेळा, न सांगता, मार्जिन तपासले जाते. १ ऑगस्ट २०२२ पासून ही तपासणी सकाळच्या ठरलेल्या दरांवर होते, त्यामुळे दुपारी स्पॅनचे दर वाढले म्हणून दिवसातल्या तपासणीत दंड बसत नाही. बंद वेळचा हिशेब मात्र बंद वेळच्याच दरांनी होतो.

स्क्वेअर-ऑफवरून भांडणे होतात ती मुख्यतः वेळेवरून. ५ जूनला निफ्टी २२,६२०.३५ वर बंद झाला आणि ६ जूनला, एक्स्पायरीच्या दिवशी, २२,८२१.४० वर. २२,५०० चा पुट शून्यावर संपला. ज्याने ९०,००० भरले, त्याचे ९,००० त्याच्याकडेच राहिले. ज्याचे दोन लॉट ५ जूनच्या सकाळी, समजा ६०० च्या भावाने, कापले गेले, त्याला ५० नगांवर प्रत्येकी ५१० म्हणजे २५,५०० चा तोटा झाला, आणि दुसऱ्याच दिवशी तोच पुट फुकट झालेला त्याने पाहिला. ‘थोडे थांबले असते तर’ ही तक्रार अगदी माणसासारखी आहे, पण तक्रार म्हणून टिकत नाही. बाजार आणखी ६०० अंश पडला असता, तर न थांबल्याबद्दल कोणी भांडले नसते, आणि खाते उणे झाले असते तर ती रक्कम ग्राहकाकडेच येणे निघाली असती.

टिकते ती तक्रार निराळी असते : सूचना पोचलीच नाही, मुदतीत भरलेली रक्कम खात्यात धरली नाही, शॉर्टफॉलपेक्षा फार जास्त लॉट कापले, किंवा कारवाई ब्रोकरच्या स्वतःच्या लेखी आरएमएस धोरणाशी जुळत नाही. त्यासाठी त्या दिवशीचे मार्जिन स्टेटमेंट, जे ब्रोकरने रोज पाठवायचे असते, बँकेच्या व्यवहाराची वेळ आणि काँट्रॅक्ट नोटवरची स्क्वेअर-ऑफची वेळ एकाशेजारी एक ठेवावी लागते. आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार, मग सेबीचे स्कोअर्स पोर्टल आणि तेथेही न मिटल्यास स्मार्ट ओडीआरवर समेट व लवाद, असा क्रम आहे.