क्षितिजाच्या मापाने वाळू

कळंगुटच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सकाळी नऊच्या सुमारास, समुद्राकडे तोंड करून, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून काढलेला एक फोटो धरू. त्यात शॅकवाल्याच्या दोन खाटा आणि एक मोठी छत्री आहे. फोटोशॉपमध्ये त्या पुसायच्या, तर आधी चित्राचे आडवे पट्टे ओळखावेत: कोरडी वाळू, ओली वाळू, फेसाची कड, लाटा, आकाश. प्रत्येक पट्ट्यातली भर शक्यतो त्याच पट्ट्यातून, डावीउजवीकडून घ्यावी.

याचे कारण मापात आहे. सपाट किनाऱ्यावर एकसारखी दोन पावले उमटली असतील, तर फोटोतली त्यांची रुंदी क्षितिजरेषेपासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि समुद्राच्या दिशेची लांबी त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, खाटांची जागा क्षितिजाच्या १२०० पिक्सेल खाली आहे आणि स्वच्छ वाळू मिळते ती ८०० पिक्सेल खाली. अंतर दीडपट, म्हणून क्लोन सोर्सच्या पॅनेलमध्ये W १५० टक्के ठेवावी. H मात्र सुमारे २२५ टक्के. दोन्ही आकडे सारखे ठेवले, तर वाळूवरच्या वळ्या चपट्या दिसतात. लाटेची उंची ही उभी गोष्ट, तिला वर्गाचा नियम लागत नाही. शिवाय ताणलेली वाळू गुळगुळीत होते. तिच्यावर थोडा नॉइज पुन्हा घालावा लागतो.

खाटांपेक्षा जास्त छळते ती सावली. या वेळी सूर्य पाठीमागे, डाव्या बाजूला असतो. म्हणून छत्रीची सावली वर आणि उजवीकडे, पाण्याच्या दिशेने पडते. तिच्यातली वाळू खरीच आहे, ती फेकू नये. तिच्यावर फक्त आकाशाचा प्रकाश पडतो, त्यामुळे ती काळपट आणि निळसर दिसते. कर्व्ह्जने उजळून निळा कमी केला की बरीचशी जुळते. सावलीची कड मात्र धूसर असते. तिथे मास्कही तितकाच मऊ हवा, नाहीतर उजळ-काळी किनार उरते. वाळूचा तुकडा आडवा उलटवून वापरू नये: पावलांच्या खळग्यांतल्या सावल्या सूर्याच्या विरुद्ध बाजूला जातात.

फेसाची कड आधी जोडावी, मग तिच्या दोन्ही बाजू भराव्यात. ती सरळ नसते. लहानमोठ्या कमानींनी पुढे येते. छत्रीच्या दांड्यामागची कमान दोन्ही टोकांच्या वळणावरून ठरवावी. हीलिंग ब्रश फेसाजवळ नेला की पांढरा रंग वाळूत ओढला जातो. तिथे साधा क्लोन स्टॅम्पच बरा.

शेवटी शंभर टक्क्यांवर दाणा तपासावा आणि तात्पुरता कॉन्ट्रास्ट खूप वाढवून पाहावा. पुन्हा पुन्हा आलेले ठसे आणि उरलेली सावली लगेच उघडी पडते.

खाटांनी वाळूचा बहुतेक पट्टाच व्यापला असेल, तर नमुन्याला वाळूच उरत नाही. अशा वेळी शॅकवाले खाटा मांडण्याआधी जाऊन फोटो पुन्हा काढावा.